जीएफपी फ्यूजन केंद्रकासह पेशीभर पसरलेलं दिसतंय: दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. प्रथिन मायटोकॉन्ड्रियात जायला हवं, क्रमावरून तसाच अंदाज आहे, पण जीएफपी जोडून पेशीत घातलं की सगळी पेशी हिरवी दिसते. पेशीद्रव हिरवं, केंद्रकही हिरवं. पुन्हा ट्रान्सफेक्शन केलं तरी तेच. मग दोनपैकी एक निष्कर्ष घाईने काढला जातो: ‘अंदाज चुकला, प्रथिन पेशीद्रवातलं आहे’ किंवा ‘जीएफपीने प्रथिन बिघडवलं’. दोन्ही खरे असू शकतात. पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा, आणि बहुतेक जण तोच विचारायचा राहतात. दिसणारा हिरवा रंग तुमच्या प्रथिनाला अजून जोडलेला आहे का? सूक्ष्मदर्शक जीएफपी कुठे आहे ते दाखवतो. प्रथिन कुठे आहे ते दाखवण्याची त्याची पात्रता जोड शाबूत असेपर्यंतच.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर बेतलं आहे. समजा, 35 किलोडाल्टनचं एक प्रथिन आहे, सुरुवातीच्या साधारण 30 अमिनो आम्लांत मायटोकॉन्ड्रियाच्या गाभ्यात नेणारा संकेत आहे, ईजीएफपी 27 किलोडाल्टनचं आहे आणि मध्ये 15 अमिनो आम्लांचा लवचीक दुवा आहे (GGGGS तीनदा), त्याचं वजन सुमारे 1 किलोडाल्टन. म्हणजे अखंड फ्यूजन 63 किलोडाल्टनच्या आसपास. पेशी हेला, प्लाझ्मिडवर सीएमव्ही प्रमोटर.

आधी केंद्रकाकडे पाहा

काहीही नवीन न करता, आहे त्याच प्रतिमेतून पहिला धागा मिळतो. केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून लहान प्रथिनं आपोआप आतबाहेर करतात. मर्यादा ढोबळमानाने 40 किलोडाल्टन धरतात. सुटं जीएफपी 27 किलोडाल्टनचं असल्यामुळे ते बिनदिक्कत आत जातं आणि केंद्रक पेशीद्रवाइतकंच, कधी थोडं जास्तच, उजळ दिसतं. केंद्रकिका मात्र त्यात गडद ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. 63 किलोडाल्टनचं फ्यूजन वाट चुकून पेशीद्रवात राहिलं असेल, तर केंद्रक त्यामानाने काळपट दिसायला हवं.

म्हणून चित्रं दोन प्रकारची असतात. पेशीद्रव हिरवं आणि केंद्रक बऱ्यापैकी गडद असेल, तर फ्यूजन अखंड आहे पण मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोहोचलं नाही, असा संशय घ्या. दोन्ही सारखेच हिरवे असतील, तर सुट्या जीएफपीचा संशय घ्या. हा संशयच आहे, पुरावा नव्हे. छिद्रांची मर्यादा भिंतीसारखी कडक नाही. मोठी प्रथिनंही हळूहळू झिरपतात, आणि 48 तास वाट पाहिली तर झिरपायला भरपूर वेळ मिळतो. प्रथिनात केंद्रकात नेणारा संकेत लपलेला असला, तर सगळं गणितच बदलतं.

आणखी एक फसवणूक इथेच होते. साध्या वाइडफील्ड सूक्ष्मदर्शकात केंद्रकाच्या वर आणि खाली असलेल्या मायटोकॉन्ड्रियांचा अस्पष्ट प्रकाश केंद्रकावर पडतो आणि केंद्रक हिरवं भासतं. पेशी गोलाकार झालेली असेल तर हे जास्तच. कॉन्फोकलवर झेड-मालिका घ्या, उभा छेद पाहा. हिरवा रंग केंद्रकाच्या पोटात आहे की पाठीवर, ते लगेच कळतं.

जोड तुटली आहे का: जेलवर पाहा

हा प्रयोग वगळून पुढे जाऊ नका. ज्या ट्रान्सफेक्शनमधून प्रतिमा घेतली, त्याच खेपेतली दुसरी डिश वेस्टर्न ब्लॉटसाठी वापरा आणि जीएफपीविरोधी प्रतिपिंड लावा. शेजारच्या दोन खान्यांत ट्रान्सफेक्शन न केलेल्या पेशी आणि नुसतं ईजीएफपी व्यक्त करणाऱ्या पेशी ठेवा.

पेशी फोडण्याची पद्धत इथे निर्णायक आहे. सौम्य डिटर्जंटमध्ये बर्फावर अर्धा तास ठेवून पेशी फोडल्या, तर त्या अर्ध्या तासात पेशीतली प्रोटिएझं मोकळी होऊन दुवा कापू शकतात. मग ब्लॉटवर सुटं जीएफपी दिसतं, जे जिवंत पेशीत कधी नव्हतंच. त्यामुळे माध्यम काढा, गार पीबीएसने एकदा धुवा, आणि 35 मिमी डिशवर 200 मायक्रोलिटर उकळता एसडीएस नमुना-बफर थेट ओता. खरवडून ट्यूबमध्ये घ्या, 95 अंशांवर 5 मिनिटं ठेवा. डीएनएमुळे नमुना शेंबडासारखा चिकट होतो. 26 गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढून सोडा, म्हणजे तो खान्यात नीट उतरतो. प्रोटिएझांना कापायला वेळच मिळत नाही.

आता पट्ट्या वाचू या. 63 च्या आसपास पट्टी म्हणजे अखंड, संकेत न कापलेलं फ्यूजन. गाभ्यात पोहोचल्यावर तिथलं प्रोटिएझ सुरुवातीचा संकेत कापून टाकतं, त्यामुळे पोहोचलेल्या प्रथिनाची पट्टी साधारण 60 ला असते. 27 ला पट्टी म्हणजे सुटं जीएफपी. 63 आणि 60 वेगळे दिसायला 10 टक्क्यांचं जेल लागतं आणि ते नेहमीपेक्षा लांबवर चालवावं लागतं. 27 ची पट्टी जेलच्या बाहेर जाऊ नये म्हणून दोन जेल चालवणं सोयीचं.

27 ची पट्टी दिसली म्हणून लगेच तिला दोष देऊ नका. प्रमाण जुळतंय का ते पाहा. सुटं जीएफपी संपूर्ण पेशीच्या मोठ्या आकारमानात विरघळतं, तर मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन लहानशा जागेत दाटीने बसतं आणि म्हणून प्रखर दिसतं. 27 ची पट्टी फिकट, 60 ची ठळक, आणि चित्रात मात्र सगळा प्रकाश पसरलेला असेल, तर एवढीशी सुटी मात्रा त्या चित्राचं कारण असू शकत नाही. कारण दुसरं शोधा. उलट, पट्टी 27 ची ठळक आणि चित्र मात्र स्वच्छ, असंही होतं. जीएफपीची पिंपासारखी घट्ट घडी प्रोटिएझांना सहजासहजी दाद देत नाही. लायसोसोममध्ये फ्यूजनचं बाकी अंग पचतं आणि जीएफपी मागे उरतं, पण तिथल्या आम्लात ईजीएफपी चमकत नाही. अशी पट्टी ब्लॉटवर येते, पडद्यावर येत नाही.

प्रतिपिंड हाताशी नसेल तर एक झटपट वाट आहे. नमुना न तापवता जेलवर चढवा. एसडीएसमध्येही जीएफपीची घडी टिकते, त्यामुळे जेल थेट निळ्या प्रकाशात स्कॅन करून हिरव्या पट्ट्या दिसतात. न तापवलेलं जीएफपी आकाराच्या मानाने वेगळ्या वेगाने धावतं, म्हणून इथे मार्करवरून वजन काढू नका. शेजारच्या नुसत्या ईजीएफपीच्या खान्याशी तुलना करा, तेवढंच पुरेसं आहे.

सुटं जीएफपी येतं कुठून

तीन उगम वारंवार सापडतात.

सर्वांत जास्त चुकवणारा उगम बांधणीतच असतो. pEGFP-N1 या प्लाझ्मिडमध्ये तुमचं जनुक जीएफपीच्या आधी बसतं, म्हणजे जीएफपी प्रथिनाच्या शेपटाला येतं. (नावातला N1 तुमच्या जनुकाची जागा सांगतो, जीएफपीची नव्हे. pEGFP-C1 मध्ये उलट. हा गोंधळ इतका सर्रास होतो की नकाशा उघडून खात्री करून घ्यावीच.) N1 मध्ये जीएफपीची स्वतःची ATG शाबूत आहे आणि तिच्या आधी चांगला कोझॅक क्रमही आहे. तुमच्या जनुकाच्या ATG भोवतीचा क्रम कमकुवत असेल, तर काही रायबोसोम तिला ओलांडून थेट जीएफपीच्या ATG वर सुरुवात करतात. परिणाम: एकाच प्लाझ्मिडमधून फ्यूजन आणि सुटं जीएफपी, दोन्ही. उपाय कायमचा आहे, ती ATG काढून टाकणं:

```
GGATCCACCGGTCGCCACCATGGTGAGCAAGGGCGAGGAG
GGATCCACCGGTCGCCACC---GTGAGCAAGGGCGAGGAG
```

वरची ओळ मूळ pEGFP-N1 मधली, खालची दुरुस्त केलेली. तीनच अक्षरं जात असल्यामुळे वाचनचौकट बिघडत नाही. पुढची ATG जीएफपीच्या बरीच आत आहे, तिथून तुकडा तयार झाला तरी तो चमकत नाही. सोबत तुमच्या जनुकाची सुरुवात GCCACCATGG अशी करून घ्या, म्हणजे रायबोसोम पहिल्याच ठिकाणी थांबतील. ATG नंतरच्या G मुळे दुसरं अमिनो आम्ल बदलत असेल, तर तो G सोडा, आधीचा GCCACC पुरे.

याच प्रकारातली दुसरी चूक म्हणजे जनुकाचा थांबा-कोडॉन काढायचा राहणं. मग फ्यूजन तयारच होत नाही, पण गळतीतून थोडं सुटं जीएफपी येत राहतं. ट्रान्सफेक्शन चांगलं झालंय, तरी चित्र फिकट, सगळीकडे सारखंच पसरलेलं, ब्लॉटवर फक्त 27: अशी लक्षणं एकत्र दिसली की जोडाचा क्रम वाचून घ्या. याउलट, मोजक्याच पेशी डोळे दिपतील एवढ्या तेजस्वी आणि पसरट असतील, तर प्लाझ्मिडच्या खेपेत न कापलेलं मूळ व्हेक्टर मिसळलेलं असू शकतं. एकाच वसाहतीपासून पुन्हा प्लाझ्मिड काढा.

तिसरा उगम पेशीतला: दुवा किंवा प्रथिनाचा एखादा उघडा, बिनघडीचा भाग कापला जातो. दुवा बदलून पाहा, आखूड करा. उपाय चालला की नाही हे पुन्हा गरम एसडीएसच्या ब्लॉटवरच ठरवा, चित्रावर नाही.

जीएफपी कुठल्या टोकाला

ब्लॉटवर 27 ची पट्टी नाही, 63 ची ठळक आहे, 60 ची नाही आणि केंद्रक काळपट आहे, असं असेल तर फ्यूजन अखंड आहे पण आत गेलेलं नाही. आपल्या उदाहरणात पहिला संशयित टोक. मायटोकॉन्ड्रियात नेणारा संकेत अगदी सुरुवातीला, मोकळ्या टोकावर असावा लागतो. pEGFP-C1 वापरलं की जीएफपी त्याच्या पुढे येऊन बसतं आणि आयात करणाऱ्या यंत्रणेला संकेत सापडत नाही. जीएफपी शेपटाला हलवलं की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

मात्र ‘शेपटाला लावा’ हा सरसकट नियम नव्हे. पेरॉक्सिसोमचा SKL, ईआरमध्ये थांबवणारा KDEL, पटलाला चिकटवणारा CAAX हे संकेत शेवटच्या टोकाला असतात. तिथे शेपटाला जीएफपी लावलं की तेच नुकसान होतं. ज्या प्रथिनांच्या दुसऱ्या क्रमांकावर ग्लायसीन असून त्याला मिरिस्टॉयल गट लागतो, त्यांच्या डोक्यावर काहीही चालत नाही. म्हणून क्रमात संकेत नक्की कुठे आहे हे माहीत नसेल, तर दोन्ही टोकांची बांधणी करा. दोन्हींनी एकच जागा दाखवली तर उत्तर भक्कम. वेगवेगळी दाखवली तर तिसरी बांधणी करावी लागते: जीएफपी न लावता एचए किंवा फ्लॅगसारखा छोटा टॅग, आणि प्रतिपिंडाने रंगवणं. छोट्या टॅगचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियात जातं आणि जीएफपीचं जात नाही, असं दिसलं तर अडचण जीएफपीच्या आकाराची किंवा घडीची आहे. गाभ्यात शिरताना प्रथिन उलगडलेलं असावं लागतं. जीएफपीची घडी पेशीद्रवातच घट्ट बसली तर ते वाटेत अडकू शकतं.

मात्रा

टोक बरोबर आहे, ब्लॉटवर 63 आणि 60 दोन्ही पट्ट्या आहेत, आणि चित्रात मायटोकॉन्ड्रियाही दिसतात, पेशीद्रवही हिरवं आहे. हे चित्र फार वेळा दिसतं आणि त्याचं कारण बहुतेकदा साधं असतं: प्रथिन फार जास्त आहे. आयातीच्या वाटा मोजक्या आहेत, सीएमव्ही प्रमोटर त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त माल बनवतो आणि उरलेला बाहेर साचतो.

ओळखायची खूण एकाच डिशमध्ये असते. ट्रान्सफेक्शनमध्ये प्रत्येक पेशीला वेगवेगळी मात्रा मिळते. अंधुक पेशींत स्वच्छ दोऱ्यांसारखे मायटोकॉन्ड्रिया आणि तेजस्वी पेशींत पसरलेला रंग, असं दिसलं तर दोष मात्रेचा. अंधुक पेशींतही पसरलेलाच असेल तर मात्रा कमी करून फायदा नाही, टोक आणि जोड पुन्हा तपासा. अडचण अशी की आयपीसमधून पाहताना डोळा आपोआप तेजस्वी पेशीकडे जातो, आणि प्रतिमाही तिचीच घेतली जाते. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पेशी निवडा आणि डिटेक्टरला काम करू द्या.

मग मात्रेची मालिका लावा. 35 मिमीच्या काचतळ डिशमध्ये एकूण डीएनए 1 मायक्रोग्रॅम कायम ठेवा. त्यात फ्यूजनचं प्लाझ्मिड एका डिशमध्ये 500, दुसरीत 100, तिसरीत 25 नॅनोग्रॅम आणि उरलेलं pUC19 सारखं निष्क्रिय प्लाझ्मिड. एकूण डीएनए कमी करू नका, नाहीतर अभिकर्मकाशी असलेलं गुणोत्तर बिघडून काही डिशमध्ये ट्रान्सफेक्शनच होत नाही. 10, 16, 24 आणि 48 तासांनी पाहा. 37 अंशांवर ईजीएफपी तासाभराच्या आत चमकायला लागतं, त्यामुळे 10 तासांनी दिसण्याजोगं असतंच.

मात्रा जास्त असल्याच्या आणखी दोन खुणा आहेत. मायटोकॉन्ड्रिया दोऱ्यांऐवजी गोळ्यांसारखे तुटलेले आणि केंद्रकाभोवती जमलेले दिसतात. किंवा केंद्रकाच्या कडेला एकच मोठा तेजस्वी गोळा दिसतो, ज्याच्याशी मायटोकॉन्ड्रियाचं चिन्ह जुळत नाही. चुकीच्या घडीची प्रथिनं सूक्ष्मनलिकांवरून ओढून तिथे साठवली जातात, तो हा साठा. त्याला ‘प्रथिनाचं ठिकाण’ म्हणून लिहू नये. ईजीएफपी स्वतःशी सौम्यपणे जोडी करतं आणि दाटीत हा गुण उपद्रवी ठरतो, विशेषतः पटलावरच्या प्रथिनांत. ए206के हा बदल असलेलं एकेरी रूप वापरलं तर तेवढी शंका मिटते. मूळ बांधणी करतानाच ते घ्यावं, नंतर बदलायला पुन्हा सगळं करावं लागतं.

डिजिटोनिनने धुऊन पाहा

इथवर आल्यावरही काही वेळा ठरत नाही की पसरलेला रंग तरंगतोय की कशाला तरी चिकटलेला आहे. त्यासाठी जिवंत पेशीवरचा दोन मिनिटांचा प्रयोग आहे.

डिजिटोनिन कोलेस्टेरॉल असलेल्या पटलाला छिद्रं पाडतं. बाहेरच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल भरपूर, मायटोकॉन्ड्रियात फार कमी. त्यामुळे योग्य मात्रेत पेशीपटल गळकं होतं आणि मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतात. आता पेशीद्रवाचा बाहेरच्या द्रवाशी संबंध येणार, म्हणून बफर पोटॅशियमचा असावा: 110 मिलिमोलर पोटॅशियम ॲसिटेट, 20 मिलिमोलर हेपीस, 2 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, पीएच 7.3. काचतळ डिश दोनदा या बफरने धुवा, 1 मिलि बफर ठेवा आणि दर 5 सेकंदांनी प्रतिमा घ्यायला लावा. 30 सेकंदांनी डिजिटोनिन असलेला आणखी 1 मिलि बफर डिशच्या कडेने हलकेच सोडा, जेणेकरून अंतिम मात्रा मिलिला 25 मायक्रोग्रॅम होईल. थेट पेशींवर ओतलं तर पेशी उखडतात आणि फोकस हलतो.

आता पडद्याकडे बघत राहा. सुटं ईजीएफपी असलेल्या पेशीत आधी पेशीद्रव ओसरतं, मागोमाग केंद्रक फिकं होतं, कारण आतलं जीएफपी छिद्रांतून बाहेर येऊन तेही वाहून जातं. मिनिटाभरात पेशीच्या जागी काळा आकार उरतो. गाभ्यातलं प्रथिन असलेल्या पेशीत मात्र काही हलत नाही. पार्श्वभूमी ओसरली की आधी धूसर वाटणारे दोरे एकदम रेखीव होतात. तुमच्या फ्यूजनची पेशी या दोन्हींपैकी कशासारखी वागते, तेच उत्तर. पेशीद्रव ओसरून दोरे उरले, तर दोन्ही ठिकाणी प्रथिन होतं. पसरलेला रंग तसाच राहिला, तर ते सुटं नाही, सांगाड्याला किंवा कशाला तरी धरून आहे.

दोन काळज्या घ्या. 25 हा आकडा सुरुवातीचा आहे. पेशी बदलल्या, डिजिटोनिनची बाटली बदलली की तो बदलतो. नुसत्या ईजीएफपीच्या पेशींवर ज्या सर्वांत कमी मात्रेने मिनिटात रंग जातो, ती मात्रा धरा. आणि एका डिशमध्ये नुसता बफर सोडून तीच प्रतिमा-मालिका घ्या, म्हणजे लेझरने फिकं पडणं वेगळं काढता येईल. यानंतर प्रोटिनेझ के घातलं तर आणखी एक गोष्ट कळते: जीएफपी बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर दुवा कापला जाऊन ते वाहून जातं, आत असेल तर टिकतं.

पिवळा रंग म्हणजे जुळणी नव्हे

मायटोकॉन्ड्रिया दाखवायला मायटोट्रॅकर रेड सीएमएक्सरॉस घेतात. 37 अंशांवर 100 नॅनोमोलर, 20 मिनिटं, मग साधं माध्यम. जास्त घातलं तर केंद्रक आणि पेशीद्रवही लाल होतं, आणि मग हिरव्याशी सगळीकडे जुळतं. तो पटलाच्या विद्युतदाबावर अवलंबून आहे, म्हणून फ्यूजनने मायटोकॉन्ड्रिया दुबळे केले असतील तर नेमक्या त्याच पेशींत तो नीट बसत नाही. शंका आली तर टॉम20 चं प्रतिपिंड वापरा.

हिरवा प्रकाश लाल डिटेक्टरमध्ये सांडतो. दोन्ही लेझर एकाच वेळी चालू ठेवले तर ईजीएफपीची शेपटी लाल प्रतिमेत दिसते आणि जुळणी उत्तम भासते. 488 आणि 561 आळीपाळीने चालवा, आणि फक्त जीएफपी, फक्त मायटोट्रॅकर अशा दोन डिश त्याच सेटिंगवर घ्या. तिसरी डिश दोन्ही नसलेली. पेशींची स्वतःची हिरवी झाक तिथे कळते, आणि आपल्या अंधुक पेशींच्या बाबतीत ती दुर्लक्षित करण्याइतकी लहान नसते.

63x/1.4 च्या तेल-भिंगाला हिरव्या प्रकाशात साधारण 220 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, खोलीच्या दिशेने तर याच्या दुपटीहून जास्त. मायटोकॉन्ड्रियाची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणून प्रथिन ‘मायटोकॉन्ड्रियापाशी’ आहे इतकंच या प्रतिमेतून म्हणता येतं. बाहेरच्या पटलावर की गाभ्यात, ते वरच्या प्रोटिनेझ प्रयोगातून. काचपट्टी 0.17 मिमी जाडीची, म्हणजे 1.5 क्रमांकाची हवी.

तुलना करताना पडद्यावरचा आपोआप कॉन्ट्रास्ट बंद करा. अंधुक पेशीची पार्श्वभूमी तो ताणून ‘पसरलेला रंग’ बनवतो. फिजीमध्ये सगळ्या प्रतिमांना एकच मर्यादा द्या, आकडे तुमच्या प्रतिमांवरून ठरवून:

```
setMinAndMax(100, 2500);
```

जुळणीचा सहगुणक काढायचा तर लाल प्रतिमा 90 अंश फिरवून पुन्हा काढा. फिरवल्यावरही तो फारसा उतरला नाही, तर पेशी पसरट हिरवी आहे एवढंच मोजलं गेलंय.

स्थिरीकरणाबद्दल थोडक्यात: आधी जिवंत पाहा. 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 15 मिनिटं ठेवून चित्र बदललं तर जिवंत पेशीवर विश्वास ठेवा. मिथेनॉल टाळा, त्यात जीएफपीची चमक मरते आणि सुटी प्रथिनं वाहून जातात, त्यामुळे चित्र आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. माउंटिंग माध्यम आम्लधर्मी नको, पीएच 7.5 ते 8 ठीक.

उदाहरणाचा शेवट

आपल्या 35 किलोडाल्टनच्या प्रथिनाचं काम असं उलगडेल. pEGFP-C1 मधली बांधणी: 63 ची एकच पट्टी, केंद्रक काळपट, डिजिटोनिनने रंग ओसरतो. अखंड, पण बाहेर राहिलेलं. pEGFP-N1 मध्ये हलवल्यावर: दोरे दिसतात, पण पेशीद्रव आणि केंद्रक दोन्ही हिरवे, पट्ट्या 60 आणि 27. टोक सुधारलं, आता जीएफपीची ATG गळतेय. ती काढल्यावर 27 ची पट्टी जाते, केंद्रक काळं होतं, पेशीद्रवात थोडा रंग उरतो आणि 63 ची फिकट पट्टीही. 25 नॅनोग्रॅम आणि 16 तासांवर तीही जाते.

अगदी कमी मात्रेतही, 27 ची पट्टी नसताना, पेशीद्रवातला रंग उरलाच आणि डिजिटोनिनने तो ओसरला, तर प्रथिन खरोखर दोन ठिकाणी राहत असेल. फ्यूमरेझ मायटोकॉन्ड्रियात आणि पेशीद्रवात दोन्हीकडे असतं, हे सिद्ध झालेलं आहे. असा दावा करण्याआधी दोन गोष्टी हातात असाव्यात. एक, मूळ जनुक काढून टाकलेल्या पेशीत हे फ्यूजन घातल्यावर पेशीचं बिघडलेलं काम पूर्ववत होतं का. दोन, क्रिस्परने मूळ जनुकालाच टॅग लावून, त्याच्या स्वतःच्या प्रमोटरवर आणि स्वतःच्या मात्रेत, तेच चित्र दिसतं का. तिथे प्रकाश फार कमी असतो, म्हणून एकाच सेटिंगवर टॅग नसलेल्या पेशींची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय तो वाचू नका.